मांजर सोडायला नाही चाललो

आमच्याकडे 'सोडणं' हा शब्द फार सोयीचा आहे. पोरीला शाळेत सोडतात, पाहुण्याला स्टेशनवर सोडतात आणि मांजर पोत्यात घालून गावाबाहेर सोडतात. तिन्ही गोष्टी एकाच सुरात सांगतात. 'कुठं चालले भाऊ?' 'काही नाही, मांजर सोडून येतो.' जसं काही दळण टाकून येतो. पोत्याचं तोंड सुतळीनं आवळलेलं, पोतं सायकलच्या कॅरिअरला लटकलेलं, आणि चेहऱ्यावर पुण्य केल्याचा आव, की बघा, मारलं नाही, नुसतं सोडलं. हा शब्द ऐकला की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. ही आग मला वच्छलाताईंनी लावून दिली.

वच्छला रामटेके नागपूरच्या इंदोऱ्यात माझ्या शेजारी राहायच्या. भिंतीला भिंत. वडील मिलमध्ये साच्यावर होते. छप्पन साली दीक्षेच्या दिवशी त्यांनी लहानग्या वच्छलाला खांद्यावर बसवून नेलं होतं, आणि तिला त्यातलं फक्त पांढऱ्या कपड्यांचं आठवायचं, सगळीकडे पांढरं. मॅट्रिक झाल्यावर टायपिंग शिकल्या आणि विम्याच्या एका कचेरीत लागल्या. लग्न केलं नाही. नाही केलं म्हणजे नाही केलं, त्याला काही दुःखी कहाणी नाही. पण गल्लीला कहाणी हवी असते. 'पोरं नाहीत म्हणून मांजरं पाळते' हे वाक्य मी इतक्या तोंडांतून ऐकलं आहे की एकेकाचं तोंड धरून विचारावंसं वाटायचं, बाबा रे, तू कबुतरं पाळतोस, तुझी पोरं मेली का? वच्छलाताई स्वतः कधी भांडायच्या नाहीत. भांडायचं काम माझ्याकडे होतं. मी शाळेत शिकवते, घसा तयार आहे.

हळद्या त्यांना पारशिवनीच्या रस्त्यावर मिळाला. कुणाच्या तरी लग्नाहून येताना गाडीचं चाक पंक्चर झालं म्हणून सगळे खाली उतरले होते. रस्त्याच्या कडेला एक पोतं पडलेलं होतं आणि ते हलत होतं. वच्छलाताईंनी दातांनी सुतळी तोडली. आत तीन पिल्लं होती. दोन गेलेली. तिसरं हळदीच्या रंगाचं, डोळे चिकटलेलं, पण जिवंत. ते त्यांनी पदरात घरी आणलं. पुढं तो चांगला दांडगा बोका झाला, पण अंगावर कापड पडून अंधार झाला की त्याच्या छातीचा भाता व्हायचा. गोधडीचं टोक त्याच्या डोक्यावरून गेलं तरी तो खोलीच्या पार त्या टोकाला उडी मारायचा.

आता मांजर पाळलं म्हणजे त्याला दवाखान्यात न्यावं लागतं, आणि न्यायचं कशात, हा प्रश्न येतो. वच्छलाताईंनी या प्रश्नाचा विचार केला तसा मी कुणाला करताना पाहिला नाही. गल्लीतले लोक मांजर पिशवीत कोंबतात, पिशवीचे बंद मनगटाला गुंडाळतात आणि मग दवाखान्यात हातावर ओरखडे दाखवत मांजराच्या नावानं बोंब मारतात. वच्छलाताईंकडे मात्र तीन प्रकारची साधनं होती.

पहिला होता कडक प्लॅस्टिकचा डबा. त्यांचा भाऊ रविंद्र मस्कतला ड्रायव्हर होता. तो सत्त्याऐंशी साली सुट्टीवर आला तेव्हा गल्लीतल्या बाकीच्या भावांनी टेपरेकॉर्डर आणले, यानं मांजराचा डबा आणला. खाली टप, वर झाकण, बाजूंना आवळायचे खटके, तोंडाला तारेच्या जाळीचं दार, वर धरायला मूठ. लोकांनी येऊन येऊन पाहिला. कुणी म्हणे पोपटाचा बंगला, कुणी म्हणे यात कांदे छान राहतील. गल्लीतल्या मीराबाई तर एकदा तो मागून घेऊन गेल्या आणि खरोखरच त्यात कांदे भरून आणले. मला संताप आला. वच्छलाताईंनी साबणानं धुतला, उन्हात वाळवला, वास गेला. 'हेच तर त्याचं बरं आहे,' म्हणाल्या, 'आत काही झालं तरी धुता येते.'

दुसरी रेक्झिनची बॅग. सीताबर्डीवरून घेतलेली, विमानवाल्यांकडे असते तशी. तिच्या दोन्ही बाजू कापून त्यांनी नायलॉनची जाळी शिवून घेतली होती आणि बुडाला पुठ्ठा घातला होता. हलकी, खांद्याला लावता यायची आणि आगगाडीत बाकाखाली सरळ जायची. मीराबाईंची म्हातारी मनी हिच्यात बसून वर्ध्याला गेली आणि आली, वाटेत जागीसुद्धा झाली नाही. शांत मांजर, आगगाडीचा प्रवास, तर ही बॅग, असं वच्छलाताईंचं मत होतं. पण नखं मारणारं मांजर असेल तर जाळी फाटते, घाबरलेलं मांजर चेनच्या फटीत नाक घालून घालून ती उघडतं, आणि मुतलं तर वास पुठ्ठ्यात बसतो तो बसतोच. हळद्याला या बॅगेत त्या कधी घालायच्या नाहीत. जाळी असली तरी त्याच्या लेखी ते पोतंच होतं.

तिसरं, पाठीवरचं दप्तर. बुधवार बाजारातून मिळालेली लष्करी झोळी, वरचं झाकण जाळीचं करून घेतलेलं. आमच्या गल्लीतला शालिकराम लुना चालवायचा, त्याच्या मागे बसायचं तर दोन्ही हात मोकळे हवेत, तेव्हा ही झोळी. सुई टोचून आणायची असली, दवाखाना जवळ असला, सकाळचा गारवा असला की उत्तम. पण आत मांजराला अंग टाकता येत नाही, उभं-आखडून बसावं लागतं, आणि पाठीची गरमी वेगळी. प्रेमलता नावाच्या आमच्या गल्लीतल्या एका पोरीनं ती उन्हाळ्यात भरदुपारी नेली, वर धूळ नको म्हणून जाळीवर टॉवेल बांधला. मांजर परत आलं ते कुत्र्यासारखं तोंड उघडून धापा टाकत. वच्छलाताईंना मी चिडलेलं पाहिलं ते त्या दिवशी. त्यांनी मांजराच्या पंजांना ओलं फडकं लावलं आणि प्रेमलताला एवढंच म्हणाल्या, 'धुळीनं कोणी मरत नाही वं. गरमीनं मरते.'

हे सगळं एवढं सांगितलं, कारण पुढं जे झालं ते यावरच झालं.

अठ्ठ्याऐंशी साली वच्छलाताईंची बदली रामटेकला झाली. रामटेके रामटेकला चालल्या, म्हणून कचेरीत सगळे खिदळले. नागपुरातलं घर तसंच ठेवून त्यांनी गडाच्या पायथ्याशी एक खोली घेतली आणि हळद्याला तिथं नेलं, प्लॅस्टिकच्या डब्यात, शालिकरामच्या ओळखीच्या जीपमध्ये. डबा त्या कधी माळ्यावर टाकायच्या नाहीत. दार काढून तो खोलीच्या कोपऱ्यात ठेवलेला असायचा, आत त्यांचं जुनं पातळ, आणि हळद्या दुपारभर त्यातच झोपायचा. मी विचारलं तर म्हणाल्या, 'दवाखान्याच्याच दिवशी डबा काढला तर मांजराले कळते ना, आज काहीतरी वाईट आहे. रोज दिसला तर ते त्याचं घर.'

मे महिन्यात शाळेला सुट्टी लागली म्हणून मी त्यांच्याकडे गेले होते. सकाळी उठले तर वच्छलाताई जमिनीवर बसलेल्या आणि हळद्या राखेच्या टोपलीत. बसतो, जोर करतो, ओरडतो, उठतो, पुन्हा बसतो. राख कोरडी. मला वाटलं पोट साफ होत नाही, एरंडेल द्यावं. वच्छलाताईंनी मान हलवली. त्याच्या पोटाला नुसता हात लावला तर तो किंचाळला.

रामटेकला जनावरांचे डॉक्टर होते, भला माणूस. त्यांनी हलक्या हातानं चाचपून पाहिलं. 'लघवी तुंबली आहे. मूत्राशय टच्च झालंय, लिंबासारखं लागतंय हाताला. बोक्यांना होतं हे. नळी घालून मोकळं करावं लागेल, पण इतकी बारीक नळी माझ्याकडे नाही. आजच्या आज नागपूरला न्या. आणि पोटावर दाब येऊ देऊ नका, फुटलं तर संपलं.'

नागपूर म्हणजे बस. झोळीचा तर प्रश्नच नव्हता, तिच्यात तो उभा आखडून बसला असता आणि सगळा दाब पोटावर. रेक्झिनच्या बॅगेला मध्ये झोळ पडतो. प्लॅस्टिकचा डबा मात्र बुडाला सपाट, त्यात तो आडवा पडू शकेल, आणि नागपूरच्या डॉक्टरांना खटके काढून वरचं झाकण उचललं की त्याला न ओढता तपासता येईल. वच्छलाताईंनी दार बसवलं, पातळ नीट पसरलं. हळद्या आपणहून आत जाऊन आडवा झाला. रेक्झिनच्या बॅगेत आम्ही दोन टॉवेल, पाण्याची बाटली आणि आमचे कपडे भरले.

बस सुटायच्या बेतात होती. कंडक्टरनं डब्याकडे पाहिलं.

'हा पिंजरा आत नाही चालत, बाई. वर टाका.'

'पिंजरा नाही हा, डबा आहे,' वच्छलाताई म्हणाल्या. 'मांजर बिमार आहे. दवाखान्यात नेऊन राहिली.'

'जाळीचं दार आहे ना? मंग पिंजराच झाला. कोंबड्याचा पिंजरा टपावर जाते, तसा हाबी टपावर. सीटखाली जात असंल तर पाहा.'

आम्ही पाहिलं. सीटखाली लोखंडी पट्टी आडवी होती. डबा तिला अडायचा, दोन बोटांसाठी. कडक प्लॅस्टिक आहे, दाबता येत नाही, हीच त्याची खोड. मी म्हटलं, आम्ही मांडीवर घेतो. कंडक्टर म्हणाला, रस्ता अडते. मी म्हटलं, त्याचं वेगळं तिकीट काढतो, सीटवर ठेवतो.

'पिंजऱ्याचं तिकीट नसते,' तो म्हणाला, आणि मागून कुणीतरी हसलं.

मे महिना होता. टपाच्या पत्र्यावर भाकरी भाजली असती. त्या पत्र्यावर बंद प्लॅस्टिकचा डबा आणि आत आजारी जीव! मी त्या माणसाला जे काय बोलले ते शाळेतल्या बाईला शोभणारं नव्हतं, आणि आज पुन्हा तोच माणूस समोर आला तर पुन्हा बोलेन. एका शब्दासाठी! डबा म्हटलं असतं तर आत, पिंजरा म्हटला म्हणून टपावर. तो मला म्हणाला, 'मॅडम, दुसऱ्या गाडीनं या.' दुसरी गाडी दुपारनंतर होती.

वच्छलाताईंनी माझा दंड धरला. 'सुमती, बॅग रिकामी कर.'

'त्याले चालत नाही ना बॅग, ताई.'

'टपावर तर तो मरंल. बॅगेत नुसता भिईल.'

आम्ही तिथंच स्टँडवर बॅगेतले कपडे काढून एका टॉवेलात बांधले. बुडाच्या पुठ्ठ्याखाली त्यांनी कुणाकडून तरी लाकडी फळी मागून घातली, म्हणजे झोळ पडणार नाही. डब्यातलं पातळ बॅगेत अंथरलं. हळद्याला दोन्ही हातांवर आडवा उचलून आत ठेवला आणि चेन लावली. रिकामा डबा टपावर गेला. बॅग वच्छलाताईंनी मांडीवर सपाट धरली, दोन्ही हात खाली, तान्ह्या बाळाला धरावं तशी.

आणि तो ओरडायला लागला. नेहमीचं म्याव नाही. घोगरा, लांब, पोटातून आलेला आवाज. जाळीला नखं लागत होती. वच्छलाताई तोंड जाळीजवळ नेऊन काहीतरी पुटपुटत होत्या. गाडी मनसरला येईपर्यंत सगळ्या गाडीच्या माना आमच्याकडे वळल्या होत्या. मग कुजबुज सुरू झाली, आणि कुजबुजीतून तो शब्द माझ्या कानावर आला.

'सोडाले चालल्या वाटते बाया.'

'कन्हानच्या पुलावर सोडतीन. तिथंच सोडते सगळे.'

मी मागे वळून पाहिलं. सगळ्यांनी नजरा खिडकीबाहेर नेल्या. आम्ही बिनभाड्याचे खलनायक, आणि ते सगळे निसर्गसौंदर्य पाहणारे!

आमच्या शेजारच्या सीटवर एक म्हातारी बसली होती. नऊवारी, कपाळावर मोठं गोंदण, मांडीवर आंब्याची पाटी. नंतर कळलं, अंजनाबाई, मनसरकडच्या कुठल्याशा गावच्या, कामठीला लेकीकडे चालल्या होत्या. ती सरळ वच्छलाताईंना म्हणाली, 'काहून वं बाई, मुक्या जीवाले घरादारातून काढतं?'

वच्छलाताई म्हणाल्या, 'नाही वं माय. दवाखान्यात नेऊन राहिली. त्याची लघवी बंद झाली.'

म्हातारीनं ओठ मुरडले. 'सगळे तसंच सांगते. आमच्या गावचे लोकबी दवाखान्याचंच नाव सांगून नेते, आन् रिकामं पोतं घेऊन येते.'

'पोतं नाही, बॅग आहे,' मी तडकून म्हटलं. 'दिसत नाही का, जाळी आहे?'

'ते आतमंदी रडून राहिलं ना वं? मंग मले काय करायची तुही जाळी!'

कपाळावर हात मारून घ्यावासा वाटला. डब्याला जाळीचं दार आहे म्हणून तो पिंजरा, आणि बॅगेला जाळी असूनही ती पोतंच. डब्यात असता तर दारातून त्याचं तोंड दिसलं असतं, खालचं पातळ दिसलं असतं, आणि कुणालाही कळलं असतं की हे घरचं मांजर आहे, कुणाचं तरी आहे. बॅगेतून फक्त आवाज येत होता. बंद बॅग आणि आत ओरडणारं मांजर, याचा आमच्या मुलखात एकच अर्थ होतो.

कन्हानला गाडी थांबली. पूल पुढं. हळद्याचं ओरडणं आता तुटक झालं होतं आणि वच्छलाताई घाबरल्या. 'बाटलीतलं पाणी तापलं. दुसरा टॉवेल नळावर भिजवून आणते, जाळीवर धरू,' म्हणाल्या, बॅग हळूच सीटवर सपाट ठेवली आणि मला म्हणाल्या, 'हात ठेव.' मी हात ठेवला, त्या खाली उतरल्या. तेवढ्यात कंडक्टर दारातून ओरडला, 'बाई, गाडी थांबणार नाही!' आणि मी त्याला उत्तर द्यायला उठले. सीटवरून उठले आणि दोन पावलं पुढं गेले, एवढंच.

मागे चेनचा आवाज आला. वळून पाहिलं तर अंजनाबाईनं बॅग उघडली होती. 'जाय माय, जाय. पुलाच्या आधीच जाय.'

पिवळा पट्टा माझ्या पायांमधून गेला, पायऱ्यांवरून खाली उतरला आणि कन्हानच्या रस्त्यावर दिसेनासा झाला.

मी काय ओरडले ते मला आठवत नाही. वच्छलाताई हातात ओला टॉवेल घेऊन नळाजवळ उभ्या होत्या, त्यांनी सगळं पाहिलं. त्या ओरडल्या नाहीत. कंडक्टरला म्हणाल्या, 'डबा खाली द्या.' त्यानं टपावरून डबा काढून दिला. मी बॅग आणि कपड्यांचं बोचकं घेऊन खाली उतरले. अंजनाबाई दारात उभी होती. आमचे चेहरे पाहून तिला काय कळायचं ते कळलं. तीही आंब्याची पाटी घेऊन खाली उतरली आणि गाडी आम्हाला तिथंच टाकून पुलावर चढली.

मी त्या म्हातारीच्या अंगावर धावून गेले. 'मारलं तुम्ही त्याले! दवाखान्यात चाललो होतो, दवाखान्यात! आता तो कुठंतरी कोपऱ्यात फुटून मरंल!' म्हातारी 'मले वाटलं... मले वाटलं...' एवढंच म्हणत होती. मी 'हळद्या, हळद्या' करत रस्त्यावर धावायला लागले, तर वच्छलाताईंनी मला असं खेचलं की बांगडी फुटली.

'चूप राहा. धावू नको. दुखणारं मांजर हाक ऐकून येत नाही, अजून आत घुसते.'

स्टँडला लागून उसाच्या रसाची गाडी होती आणि तिच्यामागे चिपाडांचा ढीग. रसवाला म्हणाला, पिवळं काहीतरी तिकडं गेलं. वच्छलाताईंनी ढिगाच्या अलीकडे, सावलीत, डबा ठेवला. दार पूर्ण उघडं. बॅगेतलं पातळ काढून परत आत पसरलं. मग त्या डब्याच्या बाजूला जमिनीवर बसल्या, ढिगाकडे पाठ करून, आणि काहीच करेनात. मला वाटलं, यांचं डोकं फिरलं. जीव चालला आहे आणि ही बाई बसली आहे.

तोवर लोक जमले. काय हरवलं, सोनं का? दोन कुत्री आली. आणि मग अंजनाबाईनं पाटी खाली ठेवली, रसवाल्याचा एक ऊस उचलला आणि त्या कुत्र्यांना, माणसांना, सगळ्यांना एकाच भाषेत हाकललं. 'हटा! तमाशा आहे का येथी? हटा म्हणतो ना!' एक जण हसला तर तिनं त्याच्या पिंढरीवर ऊस बसवला. ढिगाभोवती एवढी जागा मोकळी झाली की उन्हाशिवाय तिथं कोणी नव्हतं.

किती वेळ गेला मला सांगता येत नाही. चिपाडं हलली. हळद्या पोट जमिनीला लावून, सरपटत बाहेर आला. वच्छलाताईंकडे पाहिलंसुद्धा नाही. डब्यात शिरला आणि त्या पातळावर आडवा पडला. वच्छलाताईंनी मागे न वळता हात नेला आणि दार लावलं.

एक कोळशाचा ट्रक नागपूरला निघाला होता. ड्रायव्हर रुपराव म्हणून होता, त्यानं काही विचारलं नाही, फक्त म्हणाला, 'बसा.' मी घाईघाईनं डबा समोर इंजिनाच्या उंचवट्यावर ठेवायला गेले, तो चांगला सपाट दिसत होता. वच्छलाताईंनी पटकन उचलला. इंजिन तापलं की ते प्लॅस्टिक तव्यावर ठेवल्यासारखं होणार. त्यांनी तो मांडीवर घेतला, अर्ध्यावर ओला टॉवेल टाकला, दाराची बाजू वाऱ्याला उघडी ठेवली. आता तो ओरडत नव्हता. दारातून त्याचा एक डोळा दिसत होता आणि वच्छलाताई त्या डोळ्याशी बोलत होत्या.

नागपूरच्या डॉक्टरांनी झाकण उचललं, त्याला खालच्या टपातच राहू दिलं, तिथंच सुई दिली आणि नळी घातली. आधी लालसर, मग पिवळं पाणी. डॉक्टर म्हणाले, अजून थोडा उशीर झाला असता तर मी हात लावला नसता. हळद्या तीन-चार दिवस दवाखान्यात राहिला आणि घरी आला. पुढं बरीच वर्षं जगला.

गोष्ट इथं संपायला हवी होती. पण माझा राग संपत नव्हता. कंडक्टरवरचा होताच, पण त्याहून जास्त त्या म्हातारीवरचा. हळद्याला घरी आणलं त्या संध्याकाळी मी वच्छलाताईंच्या दारात बसून तिचा उद्धार करत होते. अडाणी म्हणाले, आगाऊ म्हणाले, दुसऱ्याच्या सामानाला हात लावते म्हणाले. ती कन्हानलाच आपल्या पाटीतले आंबे आमच्या कपड्यांच्या बोचक्यात बांधून गेली होती, तेही मी बोलून दाखवलं, की आंब्यांनी काय होतं?

वच्छलाताई हळद्याला औषध पाजत होत्या. त्यांनी चमचा खाली ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा त्या माझ्यावर ओरडल्या.

'तिच्यावर काहून ओरडतं वं तू? गाडीभर माणसं होती. सगळ्यांले वाटलं की मी मांजर सोडाले चालली. एकूण एकाले. अन् सगळे खिडकीतून बाहेर पाहत बसले. ती एकटी उठली.'